काचेमागचा फोटो काढताना प्रतिबिंब कसं घालवायचं: फिल्टर, कोन आणि वजाबाकी

एक तसबीर डोळ्यांपुढे आणा. साधारण ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असा जुना कृष्णधवल कौटुंबिक फोटो, वर काच, फ्रेम भिंतीत पक्की बसवलेली. आतला फोटो दोन-तीन ठिकाणी काचेला चिकटलेला. जुन्या फोटोंच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ पडतो आणि काच टेकलेली असेल तर तिला धरून बसतो. असा फोटो ओढून सोडवायला गेलं तर चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो, कागद तेवढा हातात येतो. म्हणून काच काढायची नाही, तिच्यातूनच फोटो घ्यायचा, असं ठरवून मी या कामाला बसलो. पुढचं सगळं या एका तसबिरीच्या आधारानं सांगतो. दुकानाची दर्शनी काच, संग्रहालयातली पेटी किंवा गाडीची खिडकी यांनाही बरंचसं हेच लागू पडतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. प्रतिबिंब फोटोला झाकत नाही, ते फोटोच्या उजेडात स्वतःचा उजेड मिसळतं. काचेमागच्या काळ्या कोटावरून कॅमेऱ्याकडे थोडा उजेड येतो, आणि काचेवरून परतलेला समोरच्या भिंतीचा उजेड त्याच्यात जाऊन मिळतो. सेन्सरला दोन्हींची बेरीज दिसते. प्रतिबिंब घालवायचं म्हणजे ही बेरीज होऊ द्यायची नाही, आणि झालीच तर नंतर वजा करायची. एडिटिंगमध्ये बहुतेकांची चूक होते ती इथेच. चमक दिसली की ते `Highlights` खाली ओढतात. तो गुणाकार-भागाकाराचा उपाय आहे, त्यानं मिसळलेला उजेड निघत नाही, नुसता राखाडी होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

काचेत दिसतंय ते नेमकं काय आहे?

कॅमेरा काढायच्या आधी, जिथून फोटो घ्यायचा तिथे उभे राहा आणि तसबिरीकडे न पाहता तसबिरीच्या काचेत पाहा. आरशात पाहतो तसं. माझ्या तसबिरीत समोरून पाहिलं की मी स्वतः दिसायचो आणि माझ्यामागे खिडकी. खिडकी समोरच्या भिंतीत, मधोमध, किंचित डावीकडे. उजवीकडे त्याच भिंतीचा फिकट रंगाचा भाग, त्यात एक दार, आणि दाराच्या वर हवेसाठी ठेवलेला झरोका.

काच फार पुसट असेल किंवा काय परततंय ते कळत नसेल, तर एक छोटा आरसा काचेला समांतर, तिच्या अगदी जवळ धरायला कोणाला तरी सांगा आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून त्यात पाहा. आरसा तसबिरीच्या चारही कोपऱ्यांपाशी फिरवला की खोलीचा नेमका कोणता भाग फोटोत उतरणार आहे हे कळतं. तो भाग बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा लहान असतो, आणि तेवढाच काळा करता आला तर निम्मं काम तिथेच संपतं.

नियम शाळेतलाच आहे, जेवढ्या कोनात उजेड काचेवर येतो तेवढ्याच कोनात परततो. मी तसबिरीच्या डावीकडे सरकलो तर काचेत उजवीकडची खोली दिसते, उजवीकडे सरकलो तर डावीकडची. म्हणून कोणत्या बाजूला उभं राहायचं हे ठरवताना विरुद्ध बाजूला काय आहे ते पाहायचं. माझ्याकडे उजवीकडून पाहिलं तर सबंध खिडकी काचेत यायची. डावीकडून पाहिलं तर फिकट भिंत, दार आणि झरोका. भिंत परवडली, म्हणून मी डावीकडे गेलो.

तुमच्या हातात खोलीचा उजेड असेल, म्हणजे पडदे ओढता येत असतील किंवा रात्री काम करता येत असेल, तर थेट समोरूनही फोटो घेता येतो. खोली अंधारी करा. दोन दिवे तसबिरीच्या दोन बाजूंना, काचेशी साधारण ४५ अंशांचा कोन करून ठेवा. त्या कोनातून काचेवर पडलेला उजेड पलीकडच्या बाजूला परततो, कॅमेऱ्याकडे येत नाही. कॅमेऱ्यापुढे काळं कापड टांगून त्याला लेन्सपुरतं भोक पाडा, म्हणजे काचेत फक्त काळं दिसेल. या मांडणीत लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावायची गरजच पडत नाही, आणि जमत असेल तर मी हाच मार्ग आधी सुचवेन. माझी अडचण अशी होती की दिवसाच काम करायचं होतं आणि खोलीतला उजेड तिथल्या खिडकीचाच होता.

फिल्टर काय करतो, आणि कधी काहीच करत नाही

१८०८ मध्ये एतिएन-लुई माल्युस हा फ्रेंच संशोधक पॅरिसमध्ये कॅल्साइटचा स्फटिक डोळ्यासमोर धरून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे पाहत होता. मावळतीचा उजेड त्या काचांवरून परतत होता. स्फटिक फिरवला की दिसणाऱ्या दोन प्रतिमांपैकी एक मंद व्हायची, मग दुसरी. काचेवरून तिरका परतलेला उजेड साध्या उजेडासारखा सगळ्या दिशांनी कंप पावत नाही, त्याचं कंपन मुख्यतः एका दिशेत उरतं, हे त्यातून उलगडलं. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर एकाच दिशेचं कंपन आत सोडतो. परतलेल्या उजेडाच्या कंपनाला तो आडवा पडला की प्रतिबिंब अडतं. काचेमागच्या फोटोचा उजेड बहुतांशी मिश्र कंपनांचा असल्यामुळे त्यातला साधारण अर्धा पार होतो.

खरी मेख आहे ती कोनात. डेव्हिड ब्रूस्टरनं १८१५ मध्ये दाखवलं की प्रत्येक पारदर्शक पदार्थासाठी एक ठराविक कोन असतो आणि त्या कोनात परतलेला उजेड पूर्णपणे ध्रुवित असतो. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, त्यासाठी हा कोन सुमारे ५६ अंश येतो. हा कोन स्तंभिकेपासून, म्हणजे काचेवर सरळ समोरून काढलेल्या लंबापासून मोजायचा. तिथे उभं राहून फिल्टर बरोबर फिरवला तर प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं. समोरून, म्हणजे शून्य अंशाला, परतलेला उजेड ध्रुवित नसतोच. मग फिल्टर कितीही फिरवा, फोटो नुसता काळवंडतो आणि प्रतिबिंब जिथल्या तिथे राहतं. पोलरायझर विकत घेऊन ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणणारे बहुतेक जण तसबिरीच्या थेट समोर उभे असतात.

मधल्या कोनांचा हिशोब असा. काचेच्या एका पृष्ठभागावरून ४५ अंशांत साधारण ५ टक्के उजेड परततो. फिल्टर नीट लावला तर त्याचा परिणाम ०.८५ टक्क्यावर येतो, म्हणजे प्रतिबिंब फोटोच्या मानानं जवळजवळ सहापट मंद. ३५ अंशांत ते निम्म्यावर येतं. २० अंशांच्या आत फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. ५६ अंशांच्या पलीकडे गेलात तर सुधारणा पुन्हा कमी होत जाते आणि काचेवरून परतणारा एकूण उजेडही झपाट्यानं वाढतो.

कोनमापकाची गरज नाही. भिंतीपासून १ मीटर लांब आणि तसबिरीच्या मध्यापासून दीड मीटर बाजूला उभे राहा, तुम्ही ५६ अंशांवर आहात. हे दीड म्हणजेच काचेचा अपवर्तनांक, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. भिंतीपासूनचं आणि बाजूचं अंतर सारखं ठेवलं तर ४५ अंश.

मग सगळे ५६ अंशांतूनच का घेत नाहीत? कारण तिरकं पाहिलं की तसबीर चेपलेली दिसते. ५६ अंशांतून ३० सेंटिमीटरची रुंदी सुमारे १७ सेंटिमीटरसारखी भासते. ती नंतर एडिटिंगमध्ये ताणून सरळ करावी लागते, आणि ताणलं की तेवढा बारकावा जातो. ४५ अंशांतून तीच रुंदी २१ सेंटिमीटरसारखी दिसते, म्हणजे ताणायचं जेमतेम १.४ पट. मला चेहऱ्यांचा तपशील हवा होता म्हणून मी ४५ अंश घेतले आणि उरलेलं प्रतिबिंब नंतर निस्तरायचं ठरवलं. काचेसमोर खिडकीसारखं प्रखर काही असतं तर मी ५६ कडे झुकलो असतो.

प्रत्यक्ष फोटो घेताना

कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीपासून १.२ मीटर आणि बाजूला १.२ मीटर. म्हणजे तसबिरीपासून सुमारे १.७ मीटर. या अंतराला अर्थ आहे. फार जवळ गेलात तर तसबिरीच्या एका कडेला कोन ३० अंश आणि दुसऱ्या कडेला ६० अंश असं होतं, मग फिल्टर एका बाजूला काम करतो आणि दुसऱ्या बाजूला करत नाही. १.७ मीटरवरून सबंध तसबिरीत कोन तीन-चार अंशांपेक्षा जास्त इकडेतिकडे होत नाही. लहान खोलीत हे जमत नसेल तर जितकं मागे जाता येईल तितकं जा आणि लेन्स जास्त लांबीची वापरा.

कॅमेरा उभा धरा, कारण तसबीर उभी आहे आणि तिरक्या कोनामुळे ती आणखी अरुंद दिसणार आहे. तसबिरीची एक कड कॅमेऱ्याच्या जवळ आणि दुसरी २१ सेंटिमीटर लांब आहे, म्हणून एफ/११ ठेवा. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एवढ्यात दोन्ही कडा स्पष्ट येतात. फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेड खातो, त्यामुळे शटर एक सेकंदापर्यंतही जाऊ शकतं. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर असेल तर त्याची काळजी नाही. एक्स्पोजर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हातानं ठरवून पक्के करा. पुढे दोन फ्रेम, म्हणजे दोनदा टिपलेले फोटो, एकत्र करायच्या आहेत, आणि कॅमेऱ्यानं स्वतःहून उजेड बदलला तर त्या जुळणार नाहीत. फोटो रॉमध्येच घ्या.

फोकस हातानं करा, स्क्रीनवर डोळा किंवा दागिना मोठा करून. ऑटोफोकसला काचेतल्या झरोक्याची ठळक कड आवडते. ती कड काचेमागे तीन-चार मीटरवर असल्यासारखी असते, त्यामुळे झरोका स्पष्ट आणि चेहरा धूसर असा फोटो येऊ शकतो.

आता फिल्टर फिरवा, पण तसबिरीकडे पाहून नाही, काचेतल्या भिंतीच्या प्रतिबिंबाकडे पाहून. ते जिथे सर्वांत मंद होतं तिथे थांबा. तिथून ९० अंश पुढे ते सर्वांत ठळक होतं. एकदा तिथपर्यंत जाऊन परत या, म्हणजे खात्री होते. तुम्ही तसबिरीच्या बाजूला सरकला असाल तर फिल्टरनं आडवं कंपन पार जाऊ द्यायला हवं. एखादी आडवी पेटी वरून खाली पाहत टिपत असाल, तर उभं. फिल्टरच्या कड्यावर एक खूण करून ठेवली की पुढच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही.

फोनवर काम करत असाल तर फिल्टर लेन्सपुढे हातानं धरता येतो, पण बाजू महत्त्वाची आहे. आजकालचे फिल्टर ‘सर्क्युलर’ असतात. त्यांची एक बाजू ध्रुवीकरण करते आणि मागचा थर कंपनाची दिशा पुन्हा मिसळून टाकतो. उलटा धरला तर फिरवल्यावर प्रतिबिंब हलतसुद्धा नाही, रंगाची छटा तेवढी बदलते. लॅपटॉपच्या स्क्रीनवर तपासा. फिल्टरची पुढची बाजू स्क्रीनकडे ठेवून फिरवलं की एका जागी स्क्रीन काळी होते. काळी झाली नाही तर बाजू उलटी आहे. फिल्टरची आट्यांची, म्हणजे लेन्सला लागणारी बाजू, फोनकडेच हवी. शिवाय फोनची मुख्य लेन्स रुंद असते आणि माणूस आपोआप जवळ जातो, म्हणून दोन-तीन पट झूमची लेन्स निवडा आणि मागे सरका.

उरलेला झरोका

फिल्टर लावल्यावर माझ्या तसबिरीतली फिकट भिंत जवळपास नाहीशी झाली. झरोका मात्र उरला. त्यामागे उघडं आकाश होतं, आणि आकाशाचा उजेड सहापट मंद केला तरी जुन्या फोटोतल्या काळ्या कोटापुढे तो ठळकच दिसतो. झरोका इतका उंच की तिथे कापड लावणं शक्य नव्हतं. अशा वेळी कॅमेरा थोडा हलवून दुसरी फ्रेम घ्यायची. फोटो काचेच्या पातळीवर आहे आणि झरोक्याचं प्रतिबिंब काचेच्या बरंच मागे, त्यामुळे कॅमेरा हलला की प्रतिबिंब फोटोवरून सरकतं. पहिल्या फ्रेममध्ये झाकलेला भाग दुसऱ्या फ्रेममध्ये मोकळा होतो. गुगलनं २०१६ मध्ये आणलेलं फोटोस्कॅन हे ॲपही याच तत्त्वावर फोन थोडा थोडा हलवायला लावून चमक काढतं. हातानं केलं तर ताबा आपल्याकडे राहतो आणि रॉचा दर्जाही.

किती हलवायचं याचा अंदाज आधीच काढता येतो. झरोका असलेली समोरची भिंत तसबिरीच्या भिंतीपासून ३ मीटर, कॅमेरा १.२ मीटर. कॅमेरा जेवढा हलेल त्याच्या ३ भागिले (३ अधिक १.२), म्हणजे सुमारे ०.७ पट प्रतिबिंब काचेवर सरकतं. झरोका ६० सेंटिमीटर रुंद, ३० उंच होता. काचेवर तो १.२ भागिले ४.२ या प्रमाणात, म्हणजे १७ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी उंच दिसतो. आडवा असल्यामुळे बाजूला सरकण्यापेक्षा वर सरकणं स्वस्तात पडतं. ट्रायपॉडचा खांब १५ सेंटिमीटर वर केला की प्रतिबिंब साडेदहा सेंटिमीटर वर जातं आणि आधीची जागा पूर्ण मोकळी होते. फोटो चारही कोपऱ्यांसकट पुन्हा कॅमेऱ्याच्या चौकटीत बसवला, फिल्टर आणि एक्स्पोजरला हात न लावता दुसरी फ्रेम घेतली.

ही युक्ती सपाट वस्तूलाच चालते. काचेच्या पेटीत मूर्ती किंवा भांडं असेल तर कॅमेरा हलवल्यावर वस्तूची बाजूही बदललेली दिसते आणि दोन फ्रेम जुळत नाहीत. तिथे कॅमेरा तसाच ठेवून प्रतिबिंब हलवा. काळ्या कापडाचा तुकडा लेन्सबाहेर वेगवेगळ्या जागी धरून तीन-चार फ्रेम घ्या. एवढंच पाहा की त्या कापडानं वस्तूवर पडणारा उजेड अडत नाही.

दोन फ्रेमची एक

आधी लेन्सची वक्रता दोन्ही फ्रेममध्ये दुरुस्त करून घ्या, नाहीतर सरळ कडा बाकदार राहतात आणि पुढचं काहीच जुळत नाही. मग प्रत्येक फ्रेम वेगवेगळी सरळ करा. फोटोशॉपमध्ये `Perspective Crop Tool`, गिंपमध्ये `Perspective` हे साधन आहे. चार टोकं फोटोच्या चार कोपऱ्यांवर बसवा, तसबिरीच्या चौकटीच्या नाही. लाकडी चौकट काचेच्या पुढे आलेली असते आणि कॅमेरा हलल्यावर ती वेगळी दिसते. दोन्हींचा आकार एकच ठेवा. माझा ३००० बाय ४००० पिक्सेल होता, कारण फोटो ३० बाय ४० सेंटिमीटरचा. फोटो सपाट असल्यामुळे कोपरे जुळले की मधलं सगळं जुळतं. काच जिथे फोटोला टेकलेली नाही आणि कागद फुगलेला आहे तिथे मात्र दोन-तीन पिक्सेलचा फरक राहू शकतो.

आता बेरजेचा नियम कामाला येतो. प्रतिबिंब उजेड वाढवतंच, कमी कधीच करत नाही. म्हणून एकाच जागेच्या दोन फ्रेमपैकी जिथे मूल्य कमी, तिथे प्रतिबिंब कमी. दोन लेअर एकावर एक ठेवा आणि वरच्याचा मोड फोटोशॉपमध्ये `Darken`, गिंपमध्ये `Darken only` करा. झरोका नाहीसा होतो. कमांडनं करायचं असेल तर इमेजमॅजिकमध्ये एक ओळ पुरते:

```
magick frame1.tif frame2.tif -evaluate-sequence Min merged.tif
```

सबंध फोटोवर हे जसंच्या तसं ठेवू नका. जुळणी एखाद्या पिक्सेलनं चुकली तर गडद रेषा जाड होतात, पापण्या आणि साडीचे काठ दुहेरी दिसतात. शिवाय दोन फ्रेममधला नॉइजही नेहमी गडद बाजूचाच निवडला जातो. मी पहिली फ्रेम मूळ ठेवली आणि मास्क वापरून फक्त झरोक्याच्या जागेपुरता दुसऱ्या फ्रेमचा भाग आणला, कडा मऊ ठेवून. पाच-सहा फ्रेम असतील तर `Min` ऐवजी `Median` वापरून पाहा. प्रत्येक ठिकाणी निम्म्याहून अधिक फ्रेम स्वच्छ असतील तर तो नॉइजही कमी करतो.

पुसट पडदा वजा करणं

झरोका गेल्यावर राहतो तो भिंतीच्या उरलेल्या प्रतिबिंबाचा पातळ पडदा. कोणताही आकार दिसत नाही, नुसते काळे रंग धुरकट वाटतात. इथे `Highlights`, `Exposure` यांना हात लावू नका. सगळ्या ठिकाणी थोडी थोडी भर पडली आहे, ती काढायचं साधन म्हणजे `Levels` मधलं डावीकडचं, काळ्या बिंदूचं टोक.

किती काढायचं? जुना फोटो मुळातच फिकटलेला असतो, त्यातला काळा खरोखर काळा नसतो. डोळे मिटून टोक ओढत गेलात तर पडदाही जाईल आणि फोटोचं वयही. म्हणून फोटो घेतानाच एक जादा फ्रेम घ्या. काळं कापड असं धरा की काचेच्या एका भागात भिंतीऐवजी तेच परतेल. ती फ्रेम आणि नेहमीची फ्रेम यांतला एकच बिंदू मोजा. माझ्याकडे कोटाच्या बाहीवर नेहमीच्या फ्रेममध्ये ४६ आणि कापडाच्या फ्रेममध्ये ३८ येत होतं. म्हणजे पडदा आठांचा, आणि गाठायचं ते ३८, शून्य नाही. `Levels` मध्ये काळा बिंदू ९ वर नेल्यावर ४६ चे ३८ झाले. हे मूल्य काढायला गणित लागत नाही, टोक सरकवत बाहीवरचा आकडा पाहत राहिलं की पुरे.

पडदा सगळीकडे सारखा नसेल, आणि तिरक्या कोनात तो सहसा लांबच्या कडेला आणि जवळच्या कडेला वेगळा असतो, तर `Levels` ला ग्रेडियंट मास्क लावून दोन्ही टोकांना वेगळं मोजा. त्याला रंगही असतो. फिकट पिवळ्या भिंतीचा पडदा पिवळसर, आकाशाचा निळसर. लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही चॅनेल वेगवेगळे मोजून प्रत्येकाचा काळा बिंदू वेगळा ठेवला तर फोटोचा मूळ तपकिरी रंग जागेवर येतो. नुसता व्हाइट बॅलन्स फिरवला तर काळे भाग दुरुस्त होतात आणि उजळ भाग बिघडतात, कारण तोही गुणाकारच आहे.

चिकटलेल्या डागांबद्दल एक गोष्ट मला कामाच्या ओघात कळली. फोटो जिथे काचेला चिकटलेला असतो तिथे तो आजूबाजूपेक्षा गडद आणि ओला दिसतो, आणि वाटतं की हा डाग उजळवावा. खरं तर जिलेटिन आणि काच यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा असल्यामुळे तिथे काचेची मागची बाजू आणि फोटोचा पृष्ठभाग दोन्ही परतवणं थांबवतात, पुढची एकच बाजू उरते. म्हणजे त्या डागातच फोटो सर्वांत खरा दिसतो. म्हणून डाग उजळवू नका. त्याच्या मूल्याला धरून बाकीच्या भागातून वजा करा. पोलरायझर असताना हा फरक आधीच बराच कमी झालेला असतो, हेही त्या फिल्टरचं एक न सांगितलेलं काम.

जिथे यातलं काही चालत नाही

प्रतिबिंबाच्या जागी पिक्सेलचं मूल्य २५५ झालं असेल तर खाली वजा करायला काही उरलेलं नाही, सेन्सर तिथे भरून वाहिला आहे. म्हणून फोटो घेतानाच हिस्टोग्रामचं उजवं टोक पाहा आणि प्रतिबिंबामुळे आलेख त्या टोकाला टेकत असेल तर एक्स्पोजर कमी करा. मूल्य २२० असेल तर खालचा तपशील थोडाफार निघतो, नॉइजसकट. २५५ असेल तर दुसरी फ्रेम हाच उपाय.

कडक केलेल्या, म्हणजे टेम्पर्ड काचेत पोलरायझर लावल्यावर काळसर ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी उमटते, प्लॅस्टिकच्या शीटमध्ये इंद्रधनुष्यासारखे रंग. हे दोष काचेतल्या ताणाचे असतात, फिल्टर फिरवून ते जागा बदलतात पण जात नाहीत. तिथे फिल्टर काढा आणि काळं कापड वापरा. धातूवरून परतलेला उजेड फिल्टरला फारसा दाद देत नाही, त्यामुळे सोनेरी चौकटीची चमक तशीच राहील. चमक परतवू नये म्हणून खास लेप दिलेली काच असेल तर समोरून प्रतिबिंब फारच कमी असतं, पण तिरकं गेलात की त्याला हिरवी-जांभळी छटा येते. अशा काचेसमोर उलट करायचं, शक्य तितकं समोरच राहायचं आणि फिल्टर घरी ठेवायचा.

समोरूनच घ्यायचं असेल, उजेड हातात असेल आणि तरीही दिव्यांची चमक फोटोच्या खडबडीत पृष्ठभागावर पसरत असेल, तर दोन्ही बाजूंच्या एलईडी दिव्यांपुढे पोलरायझिंग शीट एकाच दिशेनं लावा आणि लेन्सवरचा फिल्टर त्याला आडवा फिरवा. काचेवरून परतलेला उजेड आपली दिशा टिकवतो आणि अडतो. कागदात शिरून पसरलेला उजेड दिशा विसरतो, म्हणून तो पार होतो. खिडकीचा उजेड यात धरता येत नाही, त्यामुळे पडदे बंद असायलाच हवेत. तापणारे दिवे असतील तर शीट वितळून वाकडी होते.

शेवटची तपासणी तसबिरीसमोर उभं राहूनच करा. पूर्ण झालेला फोटो स्क्रीनवर उघडा, झरोका होता ती जागा १०० टक्के मोठी करा, आणि मूळ फोटोत तिथे काय आहे ते आडव्या हातानं सावली करून पाहा. माझ्या पहिल्या प्रयत्नात तिथे एका मुलीच्या वेणीची कड दोनदा आली होती. मास्क चार पिक्सेल सरकवल्यावर ती एक झाली.